परत आलेली सर्दी

लिफ्टवाल्याला त्याच्या ऑफिसात सगळे 'कान्या' म्हणत. त्याचे कान काही मोठे नव्हते, बेताचेच होते. पण बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून हा माणूस सांगायचा, की ब्रेक घासतोय, की बेअरिंग कोरडं पडलंय, की वरच्या मशीनरूममध्ये कुणीतरी स्क्रू अर्धवट पिळून चहाला गेलंय. बाकीचे तोवर बॅगेत टेस्टर शोधत असायचे. कौतुक झालं की तो लाजायचा आणि चूक निघाली की आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही त्याला. असा माणूस बाप झाला की काय होतं, ते सांगायला नको. तरी सांगतो.

त्याची मुलगी मुंगी. खरं नाव चांगलं तीन अक्षरी होतं, ते फक्त लशीच्या कार्डावर होतं. घरातल्या चपला, चमचे, रिमोट, बापाचे मोजे असं जे हाताला लागेल ते या खोलीतून त्या खोलीत वाहून न्यायचा तिचा उद्योग, म्हणून मुंगी. दीड वर्षाची होईपर्यंत ती आईजवळ घरीच होती आणि तोवर तिला एकदाच काय ती सर्दी झाली होती. मग बायकोची रजा संपली. ती एका कुरियर कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसायची. लोकांच्या हरवलेल्या पार्सलांसाठी दिवसभर शिव्या खायच्या आणि वर "आपला दिवस चांगला जावो" म्हणायचं. तिला ते काम मनापासून आवडायचं, यावर लिफ्टवाल्याचा अजूनही विश्वास बसत नव्हता. तर मुंगीला पाळणाघरात ठेवलं. तो ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, त्यांतल्याच एकीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एक मावशी पाळणाघर चालवायची. दहा-बारा पोरं, एक मदतनीस बाई, खाली जाड सतरंजी, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली.

पहिल्याच आठवड्यात नाक वाहायला लागलं. होणारच, असं सगळे म्हणाले. ते थांबलं, चार दिवस बरे गेले, आणि ताप आला. ताप गेला, खोकला राहिला. खोकला जरा हटतोय तोच पुन्हा नाक. मग डोळे चिकटले. मग नाक. घरात रुमाल वाळत घालायला दोरी पुरेना. लिफ्टवाल्याला वाटायला लागलं, की पोरीला नाक देऊन देवाने चूकच केली.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच्या धंद्यात एक शब्द आहे, त्या शब्दाने घात केला.

लिफ्ट बिघडली की ऑफिसात फोन येतो, त्याला म्हणतात कॉल. तीच लिफ्ट महिन्याभरात पुन्हा बिघडली, तर तो साधा कॉल राहत नाही, तो 'परत कॉल' होतो. फळ्यावर तो लाल खडूने लिहितात. परत कॉल म्हणजे काय, तर पहिल्या वेळी तू काहीच दुरुस्त केलेलं नाहीस. बटण दाबून लिफ्ट चालू करून दिलीस आणि घरी आलास. बिघाड आत तसाच बसलाय. एका इमारतीत असंच झालं होतं. लिफ्ट अधूनमधून मजल्याच्या जरा खाली थांबायची. दोघे-तिघे जाऊन चालू करून आले. ब्रेकचे लायनर झिजलेत हे कुणी उघडून पाहिलंच नाही. एके दिवशी एक म्हातारी आत असताना ती सरळ तळाशी जाऊन आदळली. तिला बाहेर काढायला पाठवलं होतं ते लिफ्टवाल्याला. म्हातारी वाचली, मांडीचं हाड मोडलं. तिने ज्या तऱ्हेने त्याचा हात धरला होता, ते तो आजही विसरला नव्हता. तेव्हापासून 'परत' या शब्दाला तो भ्यायचा.

आणि आता घरात उठता बसता तोच शब्द. बायको फोनवर सांगायची, "तिला परत सर्दी झाली." मावशी दारातच म्हणायची, "परत खोकतेय हो." मराठीत परत म्हणजे पुन्हा, आणि परत म्हणजे गेलेली वस्तू माघारी येणं. बाकी सगळे पहिल्या अर्थाने बोलत होते. हा एकटा दुसऱ्या अर्थाने ऐकत होता. एकच आजार पोरीच्या आत दबा धरून बसलाय, औषधाने गप्प होतो आणि माघारी येतो, असं त्याच्या डोक्याने घेतलं. आणि ते डोकं एकदा घेतलेलं सोडत नसे.

तरीही तो अजून शहाण्यासारखा वागत होता. त्याचा धीर सुटला तो आईच्या फोनने.

आई दूरच्या गावी, जुन्या घरात एकटी राहायची. रविवारी फोन करायची आणि जेवलास का, पगार झाला का, एवढं विचारून ठेवून द्यायची. बोलणं म्हणजे पैसे पडतात अशा हिशेबाने. त्या रविवारी मुंगी मागे खोकत होती.

"कोण खोकतंय?" आईने विचारलं.

"मुंगी. सारखी आजारी असते गं हल्ली. एक झालं की एक."

त्याला वाटलं, आता ती जेवलास का विचारून ठेवून देईल.

"तुझ्या थोरल्याचं असंच झालं होतं," आई म्हणाली. "सारखा आजारी असायचा." आणि फोन ठेवून दिला.

थोरला म्हणजे त्याच्या आधीचा भाऊ. वर्षाचा व्हायच्या आत गेलेला. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे, फोटोही नव्हता. लिफ्टवाल्याला तो आहे, म्हणजे होता, एवढंच माहीत होतं, तेही शेजारणीच्या तोंडून. आईने उभ्या जन्मात त्याच्याबद्दल काढलेले हे पहिले शब्द. लिफ्टवाला हातात फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मुंगी त्याची एक चप्पल घेऊन चालली होती, नाकाचा शेंबूड ओठापर्यंत आलेला. तिने त्याच्याकडे बघून हसून दाखवलं आणि त्याने तिला चपलेसकट उचलून घेतलं.

"काय म्हणाल्या आई?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जेवलास का म्हणाली."

त्याने बायकोला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तर सांगितलं की ते खरं होईल, अशी त्याची भीती. मोठा माणूस, रोज तीनशे किलो वजनाच्या वस्तू दोरावर टांगणारा. पण भीतीपुढे अक्कल गहाण पडते ती अशी.

मग त्याने सुरू केली तपासणी. सकाळी कामावर जायच्या आधी तो मुंगीच्या पाठीला कान लावायचा. ती बिचारी हा खेळच समजून त्याच्या टाळक्यावर चमचा वाजवायची. आत घरघर ऐकू यायची. ती नाकातली आहे की छातीतली, हे त्याला कळेना. मोटरचा आवाज ओळखणारा माणूस, स्वतःच्या पोरीपुढे बहिरा झाला. लिफ्ट असती तर झाकण उघडून पाहिलं असतं.

झाकण उघडता येईना, म्हणून तो पाळणाघरावर घसरला. एके दुपारी लिफ्टची सर्व्हिस करायच्या निमित्ताने तो मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि आत बघत बसला. दिसलं ते असं: एका पोराने पिवळा प्लॅस्टिकचा फोन चाटला आणि मुंगीला दिला. मुंगीने तो चाटला, कानाला लावला, "हायो" म्हणाली आणि शेजारच्या पोरीला दिला. तिने आधी शिंकून घेतलं आणि मग चाटला. मदतनीस बाई एकाचं नाक पुसत होती तोवर दुसऱ्याचं वाहत होतं. कुणी कुणाची पापी घेत होतं, कुणी कुणाचा बूट खात होतं.

"मावशी, तुमच्या खोलीत ओल आहे," लिफ्टवाला म्हणाला. "त्या पंख्याची हवा सरळ पोरांवर येते. फिनेल कुठलं वापरता?"

मावशीने हातातलं पोर खाली ठेवलं. "मुंगीचे बाबा, तुम्ही लिफ्ट बघायला आलात ना? मग लिफ्ट बघा. माझी फरशी मी दोनदा पुसते, खेळणी रोज साबणाने धुते, ताप असलेलं पोर मी घेत नाही. पण पोरांच्या जिभा मी बांधून ठेवू का?"

"ती परत आजारी पडतेय मावशी. परत परत. काहीतरी चुकतंय."

"अहो, मधले चार दिवस आली की नाचत असते! काल तिने माझी चावी पळवली आणि मी तासभर शोधत होते. तेव्हा तुम्ही नव्हता बघायला."

पण भ्यालेल्या माणसाला मधले चार दिवस दिसत नाहीत. तो तावातावाने म्हणाला, की आम्ही पोरीला काढून घेतो. मावशीचा चेहरा उतरला. पोरीवर तिचा जीव होता. तो मागे न बघता जिना चढून गेला, आणि वर मशीनरूममध्ये एकटाच हात चोळत बसला. डोकं तापलेलं असताना पॅनल उघडायचं नाही एवढी अक्कल मात्र शाबूत होती.

संध्याकाळी घरी जुंपली.

"काढून घेतो म्हणजे?" बायको म्हणाली. "मला विचारलंस? मग सांभाळणार कोण? मीच ना? नोकरी मीच सोडायची ना?"

"पोरीपेक्षा नोकरी मोठी आहे का?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. तिने मुंगीला उचललं आणि लागलीच खाली ठेवलं. "अरे, अंग बघ हिचं." तापाने फणफणली होती. डोळे लाल, श्वास नाकाने फसफसतोय.

घरातल्या ड्रॉवरमध्ये मागच्या वेळची चिठ्ठी होती. तिच्यात एक अँटिबायोटिक होतं, कानाला ठणका लागला होता तेव्हाचं. लिफ्टवाला ती घेऊन औषधाच्या दुकानात धावला. दुकानदाराने चिठ्ठी उलटी-सुलटी केली. "ही जुनी आहे. नवी आणा. आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हे पाजू नका." त्याने विनवलं, आवाज चढवला, पुन्हा विनवलं. दुकानदार बधला नाही. नशीब म्हणायचं.

तशीच मुंगीला घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या बाई, आवाज जरा करडा, टेबलावर लाकडी जिराफ. बाहेरच्या बाकांवर नाकं वाहणारी सहा-सात पोरं होती आणि त्यांच्या आयांचे चेहरे सगळे एकसारखे थकलेले. लिफ्टवाल्याच्या डोळ्यांना ते दिसत होतं, डोक्याला नाही. तो मनात एकच प्रश्न घोळवत होता आणि त्याचं उत्तर ऐकायची त्याची तयारी नव्हती.

आत गेल्यावर त्याने एका दमात सांगून टाकलं. "मॅडम, हिला सहा महिने एकच सर्दी आहे. औषधाने दबते आणि परत येते. आत काहीतरी बिघाड आहे. काय ते उघडून बघा. रक्त काढा, फोटो काढा, काहीही करा."

"बसा आधी," डॉक्टर म्हणाल्या. "मध्ये बरी असते का?"

"नसते," तो म्हणाला.

"असते," बायको म्हणाली. "चार-आठ दिवस अगदी चांगली असते. खाते, खेळते. मग पुन्हा."

"मग ती परत येत नाही. दुसरी येते." डॉक्टरांनी मुंगीचे कान बघायला सुरुवात केली, मुंगीने बोंब ठोकली. त्या गोंगाटावरून त्या बोलत राहिल्या. "सर्दीचे विषाणू दोनशेच्या घरात आहेत. एकेकाशी शरीराची ओळख व्हावी लागते, आणि एकाशी झाली म्हणून दुसऱ्याशी होत नाही. ही दीड वर्ष घरात होती, भेटणारी माणसं दोन-चार. आता एकदम दहा घरांतले विषाणू हिला भेटतायत. पाळणाघरातल्या पोराला वर्षात आठ-दहा, अगदी बारा सर्द्या झाल्या तरी मी घाबरत नाही. बहुतेक थंडीच्या दिवसांत एकावर एक येतात. आणि एकेक आठ-दहा दिवस चालते, खोकला तर कधी तीन आठवडेही रेंगाळतो. तो संपायच्या आत पुढची आली, की आईबापांना वाटतं एकच चाललीय."

"मग औषधाने का जात नाही?"

"औषधाने ती जातच नाही. ती आपली आपण जाते, तुम्ही तेवढ्यात औषध दिलेलं असतं." लिफ्टवाल्याने खिशातली जुनी चिठ्ठी पुढे केली. "अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. मागे कानाला झालं होतं तेव्हा लागलं. आज नाही."

मुंगीला वजनकाट्यावर उभं केलं. जन्मापासूनच्या वजनाच्या ठिपक्यांची रेघ बघून डॉक्टरांनी मान डोलावली. रेघ वर चालली होती. छाती तपासली, स्वच्छ. घरघर घशातल्या शेंबडाची. मग त्या खुर्चीत नीट बसल्या.

"मी घाबरते ते कधी, ते ऐकून ठेवा. वजन वाढायचं थांबलं तर. न्युमोनिया एकदा होऊन दुसऱ्यांदा झाला तर. कान वर्षात चार-चारदा फुटले, अंगावर मोठी गळवं येत राहिली, तोंडातला पांढरा थर जाईचना, साध्या दुखण्याला दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यायची पाळी आली तर. ओला खोकला मध्ये एक दिवसही न थांबता महिनाभर चालला तर. किंवा पोर मधल्या दिवसांतही मलूल असेल तर. यांतलं हिला काही झालंय का?"

"कान एकदा," बायको म्हणाली. "बाकी काही नाही."

"आणि घराण्यात? कुणी मूल लहानपणी सारखं आजारी पडून गेलंय?"

"नाही, तसं कुणी नाही," बायको म्हणाली.

डॉक्टर लिहायला लागल्या. लिफ्टवाला जिराफाकडे बघत होता. बोललं नाही तर आत्ता, या क्षणी, पोरीला घेऊन घरी जाता येत होतं. सगळं ठीक आहे असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. बोललं तर रक्त, सुया, मोठं हॉस्पिटल, आणि शेवटी काय, ते कोण जाणे. मुंगी त्याच्या मांडीवर चढून त्याच्या खिशातला टेस्टर काढायच्या खटपटीत होती.

"माझा भाऊ," तो म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मोठा. वर्षाच्या आत गेला. आई म्हणते सारखा आजारी असायचा. म्हणते... म्हणते असंच झालं होतं." आणि हा बापमाणूस परक्या बाईसमोर ढसाढसा रडायला लागला. बायको रागावली होती की घाबरली होती हे तिलाही कळलं नसावं. तिने त्याचा हात धरला तो मात्र घट्ट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. हे मला कळायलाच हवं होतं. आई हयात आहेत? फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. मला त्यांच्याशी बोलायचंय."

त्याला वाटलं आई उचलणार नाही. उचलला. डॉक्टरांनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला, आपण कोण ते सांगितलं आणि फार हळू विचारलं, "आजी, तुमच्या पहिल्या मुलाबद्दल विचारायचंय. नातीसाठी. जमेल सांगायला?"

मग आई म्हणाली, "विचारा."

"तो दूध कसा प्यायचा?"

"थांबून थांबून. दोन घोट घेतले की दमायचा. कपाळ ओलंचिंब व्हायचं. मी म्हणायची, उकडतंय लेकराला."

"वजन?"

"भरलाच नाही अंगाने. हातपाय काटकीसारखे."

"श्वास?"

"भरभर. झोपेतसुद्धा पोट नुसतं उडायचं. दोनदा न्युमोनिया म्हणून दवाखान्यात ठेवला. तिसऱ्यांदा घरी नाही आणता आला."

"मध्ये बरा असायचा का?"

"नाही हो. बरा असा कधी नव्हताच."

डॉक्टर जरा पुढे झुकल्या. "तेव्हाच्या डॉक्टरांनी काही सांगितलं होतं? आठवतंय?"

"छातीत आवाज आहे म्हणाले. दोन्ही वेळा म्हणाले. कफाचा आवाज, दुसरं काय. मी शेकत राहिले."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला आणि मुंगीच्या छातीवर ठेवला. या वेळी पाठीवर नाही, पुढे, डावीकडे. मग जरा वर. मग खाली. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मुंगी नेमकी गप्प होती. लिफ्टवाल्याला अख्ख्या आयुष्यात वेळ इतका लांब कधी वाटला नव्हता; ती म्हातारी पडलेल्या लिफ्टमध्ये होती तेव्हाही नाही. मग मुंगीच्या बोटाला त्यांनी ऑक्सिजन मोजायचा एक छोटा चिमटा लावला, त्यातला लाल दिवा बघून मुंगी खूश झाली. आकडा बघून त्यांनी चिमटा काढला.

"हिचं हृदय चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दोनच ठोके, स्वच्छ. मधे काही नाही." मग फोनकडे वळल्या. "आजी, इतक्या वर्षांनी आणि न बघता मी खात्रीने सांगू शकत नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते सर्दीचं नाही. तो आवाज बहुतेक कफाचा नव्हता, हृदयाचा होता. हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक असलं की असा आवाज येतो. रक्त जास्तीचं फुप्फुसात जातं, पोर दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, अंग धरत नाही. दुसरं पोर जी सर्दी अंगावर काढतं, ती त्याच्या छातीत बसते. तुमच्या नातीचं तसं काही नाही. ती आजारी पडते आणि बरी होते. तो बरा होतच नव्हता."

लिफ्टवाल्याने मुंगीच्या केसांत तोंड खुपसलं. बायको रुमाल शोधत होती. तिच्या पर्समध्ये होते ते सगळे मुंगीचे, आणि वापरलेले.

पलीकडून आईचा आवाज आला. इतका बारीक, की डॉक्टरांनी फोन उचलून जवळ धरला.

"म्हणजे वाऱ्याने नाही?"

"काय म्हणालात?"

"मी लॉन्ड्रीत कामाला होते. त्याला घेऊन जायची, कपड्यांच्या टोपलीत निजवायची. आत वाफ, बाहेर आलं की गार वारा. सगळे म्हणाले, वारा लागला. सासूबाई म्हणाल्या, तू कामापायी घालवलास त्याला. म्हणजे... त्याने नाही?"

"वाऱ्याने हृदयाला भोक पडत नाही आजी. ते जन्मतःच असतं. तुम्ही काहीही केलं नाहीत."

बाहेर कुणाचं तरी पोर खोकत होतं.

"बाळ्या," आई आता लिफ्टवाल्याला म्हणाली. "ही झाली तेव्हा सूनबाईने बोलावलं होतं मला, पोरीला सांभाळायला. मी म्हटलं गुडघे दुखतात. माझे गुडघे चांगले आहेत रे. मी भ्यायले होते. वाटायचं, माझ्या हातात लेकरू जगत नाही."

बायकोने पुढे होऊन डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला. "आई," ती म्हणाली. मग तिला पुढे बोलता येईना, तेव्हा नुसतीच पुन्हा म्हणाली, "आई."

"मी येऊ का गं?" पलीकडून आईने विचारलं. "तिला सर्दी आहे ना. सर्दी असली तरी घेऊ का मी तिला?"

बायकोने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "घ्या म्हणावं. खुशाल घ्या, नुसते हात धुवा म्हणजे तुम्हाला नाही होणार." पण ते आईपर्यंत पोचलं की नाही कोण जाणे, कारण पलीकडे ती रडायला लागली होती, आणि आईला रडताना लिफ्टवाल्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.